डिशवॉशरमधली टकटक, खणखण आणि खरखर: तीन आवाज, तीन कारणं

प्रश्न: डिशवॉशर लावल्यावर दहा-बारा मिनिटांनी टक्-टक् सुरू होतं, काही मिनिटांनी आपोआप थांबतं आणि थोड्या वेळाने पुन्हा येतं. मधूनच काचेसारखी खणखण ऐकू येते. हल्ली पाणी बाहेर जाताना खरखरही होते. मी भांडी लावताना पंखा हाताने फिरवून बघतो, कुठेही अडकत नाही. मशीन तीन वर्षांचं आहे. पंप गेला का?

उत्तर:

पंप गेला असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. धुण्याचा पंप खराब व्हायला लागला की तो पाणी फिरत असेपर्यंत सलग घरघरतो. मध्येच गप्प बसून काही मिनिटांनी पुन्हा ठेका धरत नाही. तुम्ही लिहिलेले आवाज तीन आहेत आणि माझ्या अंदाजाने त्यांची कारणंही तीन आहेत. मात्र त्यातलं दुसरं कारण तिसऱ्याला जन्म देतं, ते पुढे सांगतो. आधी टकटक घेऊ, कारण तिचा शोध सर्वांत सोपा असतो आणि तरी लोक तिथेच फसतात.

ज्याला तुम्ही पंखा म्हणता, त्या स्प्रे आर्मला स्वतःची मोटर नसते. पंप पाणी आर्ममध्ये ढकलतो, ते भोकांतून जोराने बाहेर पडतं. टोकाकडची काही भोकं तिरकी असतात, त्यामुळे पाणी एका बाजूला फेकलं गेलं की आर्म उलट्या बाजूला फिरतो. हा वेग फार नसतो. घरगुती मशीनमध्ये साधारण मिनिटाला पंचवीस ते चाळीस फेऱ्या होतात. आर्मला दोन टोकं असल्यामुळे वाटेत एखादी वस्तू आली, तर एका फेरीत ती दोनदा ठोकली जाते. म्हणजे मिनिटाला पन्नास ते ऐंशी ठोके, ढोबळमानाने सेकंदाला एक. एक टोक किंचित खाली झुकलेलं असेल आणि तेवढंच लागत असेल, तर ठोके निम्म्यावर येतात.

म्हणून पुढच्या वेळी टकटक सुरू झाली की घड्याळ घेऊन मशीनसमोर बसा आणि अर्ध्या मिनिटातले ठोके मोजा. पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान आकडा आला आणि दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं असेल, तर तो आर्मच आहे, दुसरं काही शोधायची गरज नाही. बारा ते वीस ठोके आले पण ताल पक्का असेल, तरीही आर्मच, फक्त एकच टोक लागतंय. अंतर कमी-जास्त होत असेल, मध्येच तीन ठोके लागोपाठ आणि मग दहा सेकंद शांतता असेल, तर ती भांड्यांची आपसातली टक्कर आहे. एवढ्या एका मोजणीने निम्मं काम होतं.

आता हा आवाज येतो-जातो का? बऱ्याच मशीनमध्ये खालच्या आणि वरच्या आर्मला एकाच वेळी पाणी मिळत नाही. पाण्याची दिशा बदलणारा एक झडपेसारखा भाग आलटून पालटून काही वेळ खालच्या, काही वेळ वरच्या आर्मकडे पाणी वळवतो. त्यामुळे कमी पाण्यात आणि लहान पंपावर काम भागतं. ज्या आर्मच्या वाटेत अडथळा आहे, त्याची पाळी आली की टकटक होते आणि पाळी बदलली की थांबते. नीट कान दिला तर ठोके थांबण्याच्या क्षणी पाण्याचा सळसळाटही बदललेला कळतो. वरचा आर्म चालू असताना पाणी वरच्या कपांवर आणि छतावर आपटतं, तो आवाज उथळ आणि पसरलेला असतो. खालचा चालू असताना ताटांवरून कोसळणारं पाणी जड आणि खोल वाटतं. ठोके कोणत्या सळसळाटासोबत येतात हे लक्षात ठेवा, म्हणजे कोणत्या आर्मपासून सुरुवात करायची ते कळेल.

इथे एक धोक्याची सूचना. टकटक आपोआप थांबली म्हणजे अडथळा दूर झाला, असं समजू नका. पाळी बदलल्यामुळे ती थांबली असेल तर ठीकच. पण अनेकदा आर्म त्या वस्तूला पाच-पंचवीस ठोकर मारून शेवटी तिला टेकून उभा राहतो. पाण्याचा जोर त्याला पुढे रेटू पाहतो आणि वस्तू हलत नाही. आवाज बंद, मशीन शांत, आपण खूश, आणि आतमध्ये भांड्यांच्या एकाच पट्ट्यावर तासभर पाणी मारलं जात असतं. दार उघडल्यावर काही ताटं लखलखीत आणि बाजूचीच खरकटी निघतात, किंवा पावडरचा गोळा तसाच चिकटलेला सापडतो. त्यामुळे मला टकटकणाऱ्या मशीनपेक्षा पूर्वी टकटकणारं आणि आता गप्प झालेलं मशीन जास्त संशयास्पद वाटतं.

आर्म फिरतोय की नाही हे तपासणं अवघड नाही. मशीन सुरू करण्यापूर्वी दोन्ही आर्म दाराला समांतर, म्हणजे डावी-उजवी करून ठेवा. धुणं सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी दार आधी बोटभर उघडा, आतली वाफ जाऊ द्या, पाणी थांबू द्या आणि मग पूर्ण उघडून आर्म कुठे थांबलेत ते बघा. दार लावून आणखी पाच मिनिटांनी पुन्हा बघा, आणि दोन्ही आर्मना पाळी मिळावी म्हणून हेच दोन-तीनदा करा. प्रत्येक वेळी जागा वेगळी असेल तर आर्म फिरतोय. दर वेळी तो एकाच भांड्याला टेकलेला सापडला तर गुन्हेगार तुमच्यासमोरच आहे. गरम धुणं चालू असताना दार एकदम सताड उघडू नका, चेहऱ्यावर वाफ येते.

तुमच्या सर्वांत रास्त शंकेकडे येतो: हाताने फिरवला तर लागत नाही, मग चालू असताना का लागतो? बहुतेक लोक वरचा रॅक बाहेर ओढून त्याच्या खाली लटकलेला आर्म फिरवतात. तो छान फिरतो, फिरणारच, कारण खालच्या रॅकमधली ताटं त्या वेळी त्याच्या खाली नसतातच. वरच्या आर्मची खरी भांडणं खालच्या रॅकमधल्या उंच वस्तूंशी होतात आणि ती दोन्ही रॅक आत गेल्यावरच सुरू होतात. त्यामुळे तपासणीही दोन्ही रॅक पूर्ण आत ढकलून करायला हवी. दोन रॅकच्या मधल्या फटीतून हात घाला आणि आर्म हळूहळू पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. एक फेरी पुरत नाही, कारण पहिल्या फेरीत एखादं भांडं आर्मच्या धक्क्याने किंचित सरकतं आणि पुढच्या खेपेला परत आपल्या जागी येतं.

दुसरी गोष्ट, आर्मला त्याच्या आसावर थोडी वर-खाली मोकळीक दिलेली असते. पाण्याचा दाब आला की तो हाताने फिरवताना जिथे होता, नेमका त्याच पातळीवर राहत नाही. भांडीही राहत नाहीत. पाण्याच्या माऱ्याने ताट मागे झुकतं, हलकी वाटी उलटते, उभी ठेवलेली पळी आडवी होते. त्यामुळे हाताने फिरवताना आर्म एखाद्या वस्तूला चाटून जात असेल, तर ‘लागत नाही ना’ म्हणून सोडून देऊ नका. आर्म आणि सर्वांत जवळच्या वस्तूमध्ये बोटभर, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी. सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांनीच आवाज येण्याचं कारणही बहुधा हेच. सुरुवातीला वस्तू जागेवर असते. पुढे पाण्याचा जोर वाढतो, खरकटं सुटून भांडं हलकं होतं, प्लास्टिक तापून मऊ पडतं, आणि ती वस्तू सरकत आर्मच्या वाटेत येते.

अगदी असंच एक मशीन मी नुकतंच पाहिलं, ते तपशिलात सांगतो. तिथेही ठोके अर्ध्या मिनिटात तीसच्या आसपास येत होते आणि सोबतचा सळसळाट उथळ होता. म्हणजे वरचा आर्म. घरातल्यांचं म्हणणं होतं की ताटं गेल्या कित्येक महिन्यांपासून तीच आहेत आणि तशीच लावली जातात, मग आत्ताच काय झालं? खालच्या रॅकमध्ये डाव्या बाजूला सत्तावीस सेंटीमीटर व्यासाची ताटं उभी होती. वरच्या रॅकमध्ये डावीकडे जाड मग एकाशेजारी एक दाटीने भरले होते, उजवीकडे हलके पेले. रॅक बाहेर ओढून पाहिला तर काहीच वावगं दिसत नव्हतं.

मग दोन्ही रॅक आत ढकलले आणि मोजपट्टी घेतली. वरच्या रॅकच्या काठापासून मशीनच्या छतापर्यंतचं अंतर डावीकडे उजवीपेक्षा दीड सेंटीमीटर जास्त निघालं. म्हणजे रॅक डावीकडे खाली बसला होता. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या रॅकच्या दोन्ही बाजूंना एकेक खटका असतो आणि दोन्ही एकाच पायरीवर बसावे लागतात. तिथे मगांच्या वजनाखाली डावा खटका एक पायरी निसटला होता. बाहेरून हे सहज नजरेत येत नाही, कारण भरलेला रॅक थोडा झुकलेला असला तरी डोळा ते सावरून घेतो. रॅक तिरका झाल्यावर त्याखालचा आर्मही तिरका झाला आणि त्याची दोन्ही टोकं डाव्या बाजूने जाताना दोन सर्वांत मोठ्या ताटांच्या कडांना लागू लागली. उजवीकडून जाताना भरपूर जागा होती.

उपाय करायला मिनिटही लागलं नाही. रॅक रिकामा केला, डाव्या बाजूला हात देऊन खटक्याचा कट्ट आवाज येईपर्यंत वर उचलला, दोन्हीकडचं अंतर पुन्हा मोजलं आणि मग अर्ध्या जड वस्तू उजवीकडे हलवल्या. दोन्ही रॅक आत घालून आर्म दोन फेऱ्या फिरवला, तेव्हा ताटांच्या वर दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा मिळाली. टकटक गेली. ठोकर लागून ताटांच्या कडांवर बारीक करडे ओरखडे उठले होते, ते मात्र राहिले. असे ओरखडे एखाद्या ताटाच्या कडेवर एकाच ठिकाणी दिसले, तर आर्म नेमका कुठे लागतोय हे मशीन न लावताही कळतं. तुमच्या ताटांच्या कडा एकदा उजेडात फिरवून बघा.

रॅक झुकण्याचं दुसरं कारण चाकं. वरच्या रॅकच्या एका बाजूचं एक प्लास्टिकचं चाक फुटलं किंवा आसावरून निघालं, तरी रॅक आत-बाहेर होत राहतो, फक्त तो कोपरा खाली येतो. रिकामा रॅक दोन्ही हातांनी धरून चारही कोपऱ्यांत वर-खाली हलवा. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त डगमगला तर तिथलं चाक किंवा रुळाच्या टोकाची अडणी बघा. हे भाग वेगळे मिळतात आणि बहुतेक घरी बसवता येतात.

ठोके जड सळसळाटासोबत येत असतील, म्हणजे खालच्या आर्मचे असतील, तर कारण जवळजवळ नेहमी रॅकच्या तळातून खाली डोकावणारी वस्तू असते. चमच्यांच्या टोपलीच्या जाळीतून निसटलेला बारीक दांडा, सुरीचं टोक, तारेमधून घुसलेली काडी. खालचा रॅक आत असताना त्याच्या आर्मपर्यंत हात पोचत नाही, म्हणून रॅक बाहेर ओढा, खाली बसा आणि तळाच्या तारांच्या पातळीवर डोळा नेऊन विजेरी मारा. तारांच्या खाली काहीही लोंबत असेल तर ते लागणार. चमच्यांची टोपली रिकामी करून तिचा तळही बघा. वर्षानुवर्षं सुऱ्या खुपसून तिची भोकं मोठी होतात आणि मग बारीक दांडे खाली उतरायला लागतात.

आता खणखण. तिला ताल नसतो, कारण ती पाण्याच्या माऱ्याने हलणाऱ्या वस्तूंची असते. आर्म खालून जाताना त्याची धार पेल्याला लागते, पेला तारेवर उचलला जातो, शेजारच्याला टेकतो आणि परत बसतो. स्टीलच्या वाट्यांचं असं वाजणं त्रासदायक असलं तरी निरुपद्रवी असतं. काचेचं तसं नाही. दोन पेले कडेशी टेकून तासभर एकमेकांवर आपटत राहिले, की कडेचा कपचा उडतो. हा कपचा अनेकदा नखाच्या चिमटीएवढाही नसतो, त्यामुळे पेला उचलताना कळत नाही. तो खाली जातो आणि पुढे काय करतो ते थोड्या वेळाने येईलच.

काचेची वस्तू लावताना मी एकच कसोटी वापरतो. रॅक भरून झाला की तो अर्धा बाहेर ओढायचा आणि झटक्याने आत ढकलायचा. काच काचेवर वाजली तर मशीन चालू असतानाही वाजणार. दोन पेल्यांमध्ये तारेचा एक तरी खुंट असायला हवा, किंवा निदान पेन्सिलीच्या जाडीएवढी फट. उंच दांडीच्या पेल्यांसाठी काही रॅकमध्ये दुमडता येणारे आधार असतात, ते दुमडून ठेवले असतील तर उपयोग नाही. हेच आधार आणि दुमडणारे खुंट स्वतःही खडखडतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिप काही वर्षांनी सैल होतात. मग ताटांची अख्खी रांग पाण्याबरोबर पुढे-मागे डुलते आणि आपण ताटांना दोष देतो. ताटं काढून रिकामे खुंट बोटाने हलवा. उभे खुंट मोकळेपणाने डुगडुगत असतील तर क्लिप बदला. सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी बांधून ते तात्पुरते घट्ट करता येतात, पण टोक कापून टाका, नाहीतर तेच लोंबून आर्मला लागेल. हा प्रकार मी पाहिलेला आहे.

हलके प्लास्टिकचे डबे आणि झाकणं वरच्या रॅकमध्ये, आणि शक्यतो जड वस्तूच्या कडेखाली अडकवून ठेवा. मोकळी ठेवली तर ती उडतात, उलटी होऊन पाण्याने भरतात, किंवा थेट खाली पडून खालच्या आर्मच्या वाटेत येतात. खणखणीचं रूपांतर अचानक टकटकीत झालं तर बहुतेक वेळा एखादं झाकण खाली पडलेलं असतं. ज्या मशीनमध्ये तळाशी तापणारी नळी उघडी असते, तिथे ते झाकण वितळतंही. त्यामुळे मध्येच आवाज बदलला तर मशीन थांबवून बघणंच शहाणपणाचं.

मशीनच्या भागांचा आवाज आणि भांड्यांचा आवाज वेगळे करायचे असतील, तर खात्रीचा मार्ग म्हणजे एकदा रॅक जागेवर ठेवून, पण एकही भांडं न घालता, छोटा प्रोग्रॅम लावणं. सगळं शांत असेल तर दोष तुमच्या मांडणीत. रिकाम्या मशीनमध्येही ताल धरून टकटक आली, तर आर्म रॅकलाच किंवा मशीनच्या भिंतीला लागतोय. म्हणजे त्याचा मधला नट सैल झालाय, आस झिजलाय, किंवा आर्मच उकललाय. प्लास्टिकचा आर्म दोन अर्ध्या भागांना जोडून बनवलेला असतो. जोड सुटला की भोकांऐवजी फटीतून पाणी जातं, आर्म लंगडत फिरतो आणि टोक खाली-वर होतं. आर्म काढून उजेडात त्याची कडेची शिवण तपासा आणि कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजली तर बी, काडी किंवा काचेचा तुकडा आत शिरलाय. तो मोठ्या भोकातून हलवून किंवा नळाखाली उलटं पाणी सोडून काढता येतो. आर्म काढायची पद्धत मशीनप्रमाणे वेगळी असते: कुठे नुसता ओढायचा, कुठे नट फिरवायचा. सहज निघत नसेल तर जोर लावू नका, त्याआधी माहितीपुस्तिका बघा.

राहिली पाणी बाहेर जातानाची खरखर. त्या वेळी दोन्ही आर्म थांबलेले असतात, धुण्याचा पंप बंद असतो आणि फक्त पाणी बाहेर टाकणारा छोटा ड्रेन पंप चालतो. म्हणून फक्त याच वेळी येणारा खरखराट किंवा कडकड जवळजवळ नेहमी त्या पंपाच्या पात्यांत सापडलेल्या बारीक कठीण वस्तूची असते. पाणी संपत आल्यावर शेवटच्या काही सेकंदांत होणारा गुरगुराट वेगळा. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो तेव्हा तो होतोच, त्याला आजार समजू नका. तुमच्याकडे आधी खणखण होती आणि खरखर ‘हल्ली’ सुरू झाली, यावरून माझा पहिला संशय काचेच्या कपच्यावर आहे. त्याखालोखाल दातकोरणी, फळाची बी किंवा हाडाचा तुकडा.

हे साफ करताना मशीनचा प्लग काढा. बंद बटणावर भागवू नका. खालचा रॅक बाहेर काढा, तळाच्या मधोमध असलेली गोल जाळी डावीकडे फिरवून उचला, खालची सपाट जाळीही काढा. खळग्यात थोडं पाणी उरलेलं असतं, ते स्पंजने टिपून घ्या. रबरी हातमोजे जाड हवेत आणि बोटांनी चाचपडू नका. ओल्या खळग्यात काच दिसत नाही, बोटात घुसल्यावर कळते. विजेरी मारून चिमट्याने किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याने तळ तपासा. बऱ्याच मशीनमध्ये खळग्याच्या एका बाजूला ड्रेन पंपावर प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या दांड्याने उचकटून किंवा खाच दाबून निघतं. आत लहान पाती दिसतील. त्यांच्या मागेपुढे काही अडकलंय का बघा आणि लाकडी दांड्यानेच पाती फिरवा.

पाती सरळ गुळगुळीत फिरणार नाहीत, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतील. हे पाहून पुष्कळ जण पंप बिघडला असं ठरवतात आणि नवा मागवतात. पण या पंपांच्या आत चुंबक असतो आणि त्याच्या ओढीमुळे पाती अशीच अडखळतात. पूर्ण फेरी मिळत असेल, पाती तुटलेली नसतील आणि कड्यावर काही घासत नसेल, तर पंप चांगला आहे. एखादं पातं तुटलेलं दिसलं, किंवा पाती मोकळ्या गरगर फिरू लागली, तर मात्र पंप बदला.

कपचा तिथे पोचलाच कसा, हेही बघायला हवं, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा हाच उद्योग. गोल जाळी परत बसवताना ती उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पक्की करावी लागते. बऱ्याच मशीनवर त्यासाठी बाणाची खूण असते. अर्धवट फिरवली तर ती जागेवर असल्यासारखी दिसते, पण पाण्याच्या जोराने उचलली जाते आणि कडेखालून तुकडे थेट आत जातात. जाळीचं तोंड कुठे फाटलंय किंवा वाकलंय का, तेही बघा. ड्रेन पंपाचं झाकण काढलं असेल तर तेही कट्ट वाजेपर्यंत बसवा. ते सैल राहिलं तर पंप फिरतो, आवाज करतो, पण पाणी नीट ओढत नाही आणि मशीन मध्येच थांबतं.

हे सगळं झाल्यावर एकदा रिकामं मशीन लावून कान द्या. खरखर पाणी बाहेर जाताना न होता धुणं चालू असताना सलग होत असेल, तर तुकडा धुण्याच्या मोठ्या पंपात गेलेला असू शकतो. तो पंप बहुतेक मशीनमध्ये वरून हाताला लागत नाही, खालून मशीन उघडावं लागतं, तिथे मिस्त्री बोलवा. त्याला ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. अर्ध्या मिनिटात किती ठोके, कोणत्या सळसळाटासोबत, रिकाम्या मशीनमध्येही येतो का आणि पाणी बाहेर जाताना येतो का, या चार गोष्टी फोनवरच सांगा. त्यावरून सोबत कोणता भाग घेऊन यायचा, ते तो ठरवू शकेल. पाणी भरणं थांबताना भिंतीतून येणारा एकच धप्प आवाज यात धरू नका. तो पाण्याचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाल्याने नळीला बसणारा दणका असतो. मशीनकडे जाणारा नळ थोडा कमी उघडा ठेवून बघा, दणका बऱ्याचदा कमी होतो. नळ मात्र इतका आवळू नका की मशीन वेळेत भरणार नाही.